पाउच छापण्याआधी नावाचा शोध: घरगुती मसाला-लोणचे उद्योजकांसाठी

पाउच छपाईचा खर्च नेमका कुठे अडकतो हे माहीत असले की नाव आधी का तपासायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. रोटोग्रॅव्हर पद्धतीने छापल्या जाणाऱ्या पाउचमध्ये प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र सिलिंडर कोरला जातो, आणि ब्रँडचे नाव बहुतेक वेळा एकाच रंगात नसते. अक्षरे लाल, त्यांना पिवळी कड, खाली तपकिरी सावली अशी रचना असली, तर नाव बदलण्यासाठी तीन सिलिंडर नव्याने करावे लागतात आणि छापून ठेवलेला रोल भंगारात जातो. कागदी स्टिकर बदलणे त्या मानाने अगदी स्वस्त पडते. म्हणून नावाचा शोध हे काम डिझाइन पसंत पडल्यानंतरचे नसून डिझायनरला नाव सांगण्याआधीचे आहे.

मी लेबल आणि पाउचची मांडणी करून देतो. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने मला सांगितले की नाव तपासले आहे, कुठेही नाही. त्याने सरकारी संकेतस्थळावर एकच स्पेलिंग टाकून अगदी तंतोतंत जुळणारे नाव शोधले होते. पाउच बाजारात गेले आणि काही महिन्यांनी परराज्यातील एका मसाला उत्पादकाच्या वकिलाची नोटीस आली. दोन्ही नावांत फरक होता तो फक्त एका अक्षराचा. याच्या नावात `I` होता, त्यांच्या नावात `EE`. तोंडाने उच्चारले तर दोन्ही एकच. मी तेव्हा शोधाबद्दल काही विचारले नव्हते, ही माझी चूक. तेव्हापासून नाव मिळाले की पहिला दिवस मी पुढे सांगितलेल्या कामाला देतो.

हे काम कसे चालते ते एका ताज्या उदाहरणावरून सांगतो. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी एक ताई कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे लोणचे करतात. त्यांनी तीन नावे आणली होती: ‘गावरान चव’, ‘रांजण’ आणि ‘चूलवैल’. त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक नवीन उद्योजकांचा असतो तोच होता. “दादा, फूड लायसन्सवर ‘रांजण’ हेच नाव आलंय, उद्यमचं सर्टिफिकेटही त्याच नावाचं आहे. मग नाव आपलंच झालं ना?” तसे होत नाही. एफएसएसएआयची नोंदणी तुम्हाला खाद्यपदार्थ बनवण्याची परवानगी देते, उद्यम प्रमाणपत्र तुमच्या उद्योगाचा आकार नोंदवते आणि जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. यांपैकी कोणतेही कार्यालय तुमच्या नावासारखे दुसरे ट्रेडमार्क आहे का हे पाहत नाही. डोमेन मिळाले किंवा इन्स्टाग्रामवर खाते उघडता आले, यानेही काही सिद्ध होत नाही. ट्रेडमार्कची नोंदवही वेगळी आहे, ती ट्रेडमार्क कायदा, 1999 खाली ठेवली जाते आणि ती संपूर्ण देशासाठी एकच असते. त्यामुळे जालंधरमध्ये नोंदवलेले नाव सांगलीतही आडवे येते.

आधी दुबळी नावे बाजूला काढा

‘गावरान चव’ हे नाव आम्ही न शोधताच सोडले. कायद्याच्या कलम 9 नुसार, जे नाव मालाचा प्रकार, गुण किंवा उगम सरळ सांगते ते सहसा नोंदवता येत नाही, कारण ते शब्द सगळ्याच व्यापाऱ्यांना लागतात. ‘गावरान’, ‘घरगुती’, ‘चविष्ट’, ‘कोल्हापुरी’ हे असे शब्द. समजा, हे नाव कोणी घेतलेले नसले, तरी उद्या शेजारच्या गावातील कोणी ‘गावरान स्वाद’ काढला तर त्याला रोखणे कठीण जाते. मद्रास उच्च न्यायालयापुढे ‘मॅजिक मसाला’ आणि ‘मॅजिकल मसाला’ या नूडल्सच्या चवींच्या नावांचा वाद गेला होता. तिथे ‘मॅजिक’ हा केवळ मालाची स्तुती करणारा शब्द ठरला आणि 2020 मधील निकालात आयटीसीसारख्या मोठ्या कंपनीलाही त्यावर एकट्याचा हक्क सांगता आला नाही.

नावात ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ किंवा ‘नैसर्गिक’ या अर्थाचा शब्द असला आणि त्याने गिऱ्हाइकाची दिशाभूल होण्याजोगी असली, तर आणखी एक कटकट असते. एफएसएसएआयच्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या 2018 च्या नियमांनुसार, हे केवळ ब्रँडचे नाव असून ते मालाचे खरे स्वरूप दाखवत नाही, अशी सूचना लेबलवर किमान 3 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावी लागते. स्वतःच्याच नावाखाली असे छापणे कोणाला आवडेल?

आपल्याकडे आणखी एक मोह असतो, तो छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव किंवा चित्र वापरण्याचा. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्याच्या परिशिष्टात त्यांचे नाव आणि चित्र आहे, त्यामुळे व्यापारासाठी त्यांचा वापर परवानगीशिवाय करता येत नाही. तो विचार तिथेच सोडावा.

कोणत्या वर्गांत शोधायचे

नोंदवहीत माल आणि सेवा मिळून 45 वर्ग आहेत, आणि संकेतस्थळावर एका वेळी एकाच वर्गात शोध घेता येतो. मसाले, पीठ, पापड, लाडू, मध, सॉस आणि चहा वर्ग 30 मध्ये येतात. लोणची, जॅम, वाळवलेली फळे-भाज्या, दुधाचे पदार्थ आणि खाद्यतेल वर्ग 29 मध्ये येतात. कोकम सरबत वर्ग 32 मध्ये जाते, तर कच्चा शेतमाल वर्ग 31 मध्ये. ताईंच्या मसाल्यासाठी 30, लोणच्यासाठी 29 आणि चटणीसाठी दोन्ही, कारण तोंडीलावणे म्हणून चटणी 30 मध्ये बसते, पण प्रक्रिया केलेले शेंगदाणे 29 मध्ये असतात.

तरीही आपल्या वर्गापाशी थांबू नये. वर्ग ही कार्यालयाच्या सोयीची विभागणी आहे. गिऱ्हाइकाचा गोंधळ होतो का, हा प्रश्न वर्गाची भिंत पाहत नाही. म्हणून मी खाद्यपदार्थांसाठी नेहमी 29, 30, 31 आणि 32 हे चारही वर्ग, त्याशिवाय किरकोळ विक्रीचा 35 आणि उपाहारगृहांचा 43, असे सहा वर्ग पाहतो. हे कंटाळवाणे आहे, पण एका नावाला साधारण एक दुपार पुरते.

रोमन स्पेलिंगची यादी आधी कागदावर करा

मराठी नावाचा शोध बहुधा या पायरीवर फसतो, म्हणून इथे थोडे थांबू. नोंदवहीतला शोध मुख्यतः रोमन अक्षरांवर चालतो, आणि मराठी शब्द रोमनमध्ये लिहिण्याची एकच ठरलेली पद्धत नाही. ‘व’ साठी कोणी `V` लिहितो, कोणी `W`. दीर्घ ‘ऊ’ साठी `U` आणि `OO`, दीर्घ ‘ई’ साठी `I` आणि `EE`, ‘आ’ साठी `A` आणि `AA`. ‘ळ’ बहुतेकदा साधा `L` होतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचे आपले दंत्य उच्चार बाहेरच्यांना ठाऊकच नसतात. शिवाय ‘ण’ आणि ‘न’ मधला फरक रोमनमध्ये पूर्ण पुसला जातो.

‘रांजण’ या नावाचे काय होते ते पाहा. आपण अंगणातला पाण्याचा मोठा रांजण म्हणतो, पण रोमनमध्ये तो `RANJAN` होतो, आणि हेच स्पेलिंग ‘रंजन’ या माणसाच्या नावाचेही आहे. हे नाव उत्तर भारतात आणि बंगालमध्ये घरोघरी आढळते आणि आपल्या नावाने दुकान किंवा पीठगिरणी काढण्याची रीत सगळीकडेच आहे. मराठी माणसाला देवनागरीत रांजण आणि रंजन हे दोन वेगळे शब्द दिसतात. लखनौच्या दुकानदाराला पाकिटावरच्या रोमन अक्षरांत एकच दिसतो. ताईंना ही गोष्ट नवीनच होती. त्या म्हणाल्या, “आपल्याला कुठं लखनौला विकायचंय?” पण कायद्यातला हक्क देशभराचा असतो, आणि समोरचा नोंदणीधारक सांगलीत माल विकत नसला तरी त्याची हरकत येऊ शकते.

‘रांजण’ आणि ‘चूलवैल’ या दोन नावांसाठी आम्ही केलेली यादी अशी होती:

```
RANJAN    RAANJAN   RANZAN    RANJHAN
RANJUN    RAJAN

CHULVAIL  CHOOLVAIL CHULWAIL  CHOOLWAIL
CHULVEL   VAIL      WAIL      CHUL
CHULHA    CHOOLHA
```

यादीत शेवटी `RAJAN` आहे, कारण पाहणाऱ्याच्या नजरेतून एक `N` सहज निसटतो. `VAIL` आणि `CHUL` हे तुकडे वेगळे घेतले आहेत, कारण जोडशब्दात समोरच्याचे नाव आपल्या नावाचा अर्धाच भाग असू शकते. `CHULHA` हा आपल्या शब्दाचा हिंदी भाऊ. अर्थाने जवळ असलेली नावेही तपासायची असतात. नाव ‘सूर्य’ असेल तर `SURYA` बरोबर `SUN` आणि `RAVI` हेही पाहावे लागते.

प्रत्यक्ष शोध

`ipindia.gov.in` या संकेतस्थळावर ट्रेडमार्कच्या विभागात `Public Search` असा दुवा आहे. शोध फुकट आहे. त्यासाठी मोबाइल किंवा ई-मेलवर येणारा ओटीपी मागितला जाऊ शकतो. `Search Type` मध्ये तीन पर्याय दिसतात: `Wordmark`, `Vienna Code` आणि `Phonetic`.

`Wordmark` निवडल्यावर आणखी एक खाच येते. `Match With` ठेवले तर तंतोतंत तेच नाव शोधले जाते. नोटीस आलेल्या माझ्या ग्राहकाने हेच केले होते. `Start With` ठेवले तर त्या अक्षरांनी सुरू होणारी नावे येतात, आणि `Contains` ठेवले तर ती अक्षरे नावात कुठेही असली तरी चालतात. सुरुवात `Contains` ने करावी. `RANJAN` टाकले की `MANORANJAN` सारखी निरुपयोगी नावेही येतील. ती डोळ्यांनी गाळावीत. निकाल फार आले तर मगच `Start With` कडे जावे.

त्यानंतर हीच नावे `Phonetic` मध्ये टाकावीत. हा पर्याय उच्चाराने जवळची नावे शोधतो, पण मराठी कान त्याला नाही. तो काही वेळा भलतेच काही देतो आणि जवळचे सोडून देतो, म्हणून त्यावर विसंबून यादी आखडती घेऊ नये. `Vienna Code` चित्रांसाठी आहे: चित्रांना विषयानुसार क्रमांक दिलेले असतात, जसे वनस्पतींचा गट 5 आणि स्त्रीच्या चित्राचा 2.3. तुमच्या पाउचवर नऊवारीतली बाई किंवा मिरचीचे चित्र हीच मुख्य खूण असणार असेल, तरच या शोधाला वेळ द्यावा.

प्रत्येक निकालाचे पान तारखेसह साठवून ठेवावे. मी एका साध्या वहीत चार रकाने आखतो: शोधलेले स्पेलिंग, वर्ग, सापडलेली जवळची नावे, त्यांची स्थिती. पुढे वकिलाकडे किंवा ट्रेडमार्क एजंटकडे जायची वेळ आली, तर ही वही त्याचा अर्धा वेळ वाचवते.

सापडलेली नोंद कशी वाचायची

नाव दिसले म्हणून घाबरू नये आणि ‘ऑब्जेक्टेड’ दिसले म्हणून खूशही होऊ नये. नोंद उघडली की तीन गोष्टी पाहाव्यात: स्थिती, तारखा आणि मालाचे वर्णन.

`Registered` म्हणजे नोंदणी झालेली. ती 10 वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते. `Objected` म्हणजे कार्यालयाच्या परीक्षकाने शंका काढली आहे, पण अर्ज जिवंत आहे आणि त्याची तारीख तुमच्या आधीची आहे. `Opposed` म्हणजे तिसऱ्याच कोणी विरोध केला आहे. हाही अर्ज जिवंतच. `Accepted & Advertised` म्हणजे ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेला, आणि त्यावर विरोध नोंदवायला 4 महिन्यांची मुदत असते. नवोदित माणूस हे सारे ‘अजून मिळालेले नाही’ असे वाचतो. ते ‘रांगेत तुमच्या पुढे आहे’ असे वाचावे.

`Refused`, `Abandoned` आणि `Withdrawn` या नोंदी नोंदवहीत आडव्या येत नाहीत, पण तो माणूस बाजारात तेच नाव वापरत असू शकतो. `Removed` मात्र फसवी असते. नूतनीकरण न केल्यामुळे काढलेले नाव मालकाला ठरावीक मुदतीत पुन्हा बसवून घेता येते, आणि काढल्यानंतर एक वर्षापर्यंत, दुसऱ्यांच्या अर्जांपुरते ते बहुतेक वेळा नोंदवहीत असल्यासारखेच धरले जाते. काढल्याची तारीख ताजी असेल तर ते नाव मोकळे समजू नये.

तारखांमध्ये अर्जाच्या तारखेबरोबर ‘कधीपासून वापर’ हा तपशील पाहावा. तिथे एखादी जुनी तारीख असते किंवा `Proposed to be used` असते. हा फरक मोठा आहे, कारण आपल्या कायद्यात खऱ्या, सततच्या आणि आधीच्या वापराला वजन आहे. कलम 34 नुसार नोंदणीधारकसुद्धा आपल्याही आधीपासून नाव वापरणाऱ्याला रोखू शकत नाही.

आणि आता एक युक्ती, जी फार थोडे लोक वापरतात. जवळच्या नोंदीच्या अर्जाच्या स्थितीचे पान उघडले की तिथे कागदपत्रेही पाहता येतात, आणि त्यांत परीक्षण अहवाल असतो. परीक्षकाने त्या अर्जाला कोणती जुनी नावे आडवी लावली, ती त्यात लिहिलेली असतात. तुमच्यासारख्याच नावाचा अर्ज करणाऱ्या दुसऱ्या कोणावर काय हरकत आली हे वाचले, की कार्यालय कोणत्या नावांना जवळचे मानते याचा आडाखा येतो. आपल्या डोक्यात न आलेली दोन-तीन नावे हमखास तिथे सापडतात.

‘सारखे’ म्हणजे किती सारखे

या प्रश्नाचे सर्वात उपयोगी उत्तर 1959 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे, आणि तो खाद्यपदार्थांचाच आहे. एका कंपनीचे ‘ग्लुकोव्हिटा’ हे नाव ग्लुकोजच्या पावडरीसाठी नोंदलेले होते. दुसऱ्या कंपनीने बिस्किटांसाठी ‘ग्लुव्हिटा’ नावाचा अर्ज केला. अर्जदाराचे म्हणणे होते की माल वेगळा आहे आणि ‘ग्लुको’ व ‘व्हिटा’ हे तुकडे असलेली अनेक नावे नोंदवहीत आहेतच. न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. बिस्किटे करताना ग्लुकोज वापरतात, त्यामुळे दोन्ही माल एकाच घरातून आले असावेत असे गिऱ्हाइकाला वाटू शकते. आणि नोंदवहीत नावे असणे म्हणजे ती बाजारात वापरात असणे नव्हे, ते पुराव्याने दाखवावे लागते. न्यायालयाने गिऱ्हाईक कोणते धरले, तर साधारण बुद्धीचे आणि अर्धवट आठवणीचे. ते दोन पाकिटे समोर ठेवून तुलना करत नाही. गेल्या महिन्यात घेतलेले नाव आठवून दुकानात मागते.

म्हणून परीक्षा अशी घ्यावी. सापडलेले नाव आणि आपले नाव शेजारी लिहून फरक मोजू नयेत. घरातल्या एखाद्याला एक नाव सांगावे, दुसऱ्या दिवशी दुसरे नाव दुकानदारासारखे मोठ्याने उच्चारून दाखवावे आणि ‘कालचंच ना?’ असे तो म्हणतो का ते पाहावे. नावाची सुरुवात सारखी असेल तर धोका अधिक, कारण लोकांच्या तोंडी सुरुवात राहते, शेवट नाही. सगळ्यांच्याच नावात असणारा शब्द, जसे ‘मसाला’, ‘फूड्स’ किंवा ‘गृहउद्योग’, फार वजनाचा नसतो. त्यामुळे ‘रांजण’ला ‘रांजण गृहउद्योग’ केल्याने सुटका होत नाही.

‘रांजण’ च्या शोधात आम्हाला काय मिळाले ते नावनिशी देत नाही, पण प्रकार सांगतो. वर्ग 30 मध्ये त्याच रोमन स्पेलिंगची एक नोंदलेली खूण, माल पीठ आणि मसाले; त्याच वर्गात पुढे-मागे एक शब्द लावलेले दोन अर्ज, ज्यांना ती पहिली खूण परीक्षण अहवालात आडवी आलेली; वर्ग 29 मध्ये एक `Abandoned` अर्ज. ताईंचा युक्तिवाद होता की आपण फक्त देवनागरीत लिहू. पण उच्चार करून मागण्याने जो गोंधळ होतो तो लिपीने टळत नाही, आणि अर्ज देवनागरीत केला तरी त्याचे रोमन रूप द्यावेच लागते. ‘रांजण’ तिथेच थांबले. इतर दोघांचे अर्ज ज्या खुणेमुळे अडले तिच्यावर आपण तिसरे जाऊन डोके आपटण्यात काही अर्थ नव्हता.

‘चूलवैल’ ला तसे कोणी भेटले नाही. `CHULHA` असलेली नावे अनेक निघाली, पण ती इतक्या वेगवेगळ्या लोकांची होती आणि चूल हा स्वयंपाकाचा इतका साधा शब्द आहे, की त्यावर कोणा एकाचा दावा कमजोरच असणार. आपल्या नावाचा वेगळेपणा ‘वैल’ मध्ये आहे, आणि `VAIL`, `WAIL` यांनी खाद्यपदार्थांच्या वर्गांत आडवे येईल असे काही मिळाले नाही. चुलीला जोडून असलेला हा धगीचा छोटा कोनाडा शहरातल्या तरुण गिऱ्हाइकाला कदाचित कळणार नाही. ट्रेडमार्कच्या दृष्टीने ते चांगलेच.

नोंदवहीत नसलेली नावे

नोंदणी न करता वर्षानुवर्षे नाव चालवणारे लोक आपल्याकडे ढिगाने आहेत आणि कायदा त्यांनाही संरक्षण देतो: आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवण्याविरुद्ध दावा करायला नोंदणी लागत नाही. म्हणून नोंदवहीनंतर बाजार पाहावा. ऑनलाइन दुकानांत, गूगल मॅपवर आणि इन्स्टाग्रामवर सगळी स्पेलिंगे देवनागरीसह टाकावीत. पण मसाल्याचे खरे प्रतिस्पर्धी इंटरनेटवर नसतातच. ते मुंबईच्या महालक्ष्मी सरस किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेच्या स्टॉलवर, बचत गटांच्या यादीत आणि किराणा मालाच्या घाऊक पेठेत असतात. सांगलीच्या पेठेतल्या एका जुन्या एजंटाला ताईंनी फोन केला तेव्हा तो म्हणाला, “चूलवैल नाही ऐकलं, पण ‘चूल’ नावाची हळद येऊन गेली आठ-दहा वर्षांपूर्वी.” ती आता मिळत नाही, एवढे कळल्यावर आम्ही पुढे गेलो. अशी माहिती कोणत्याही संकेतस्थळावर नसते.

मांडणीबाबतही एक गोष्ट इथेच पाहून घ्यावी. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनाच्या वादात सांगितले की दोन वेष्टने शेजारी ठेवून बारीक फरक शोधायचे नसतात; एकूण छाप सारखी पडते का ते पाहायचे. त्यामुळे नाव वेगळे असले तरी तालुक्यात सर्वाधिक खपणाऱ्या मसाल्याचा लाल-पिवळा पट्टा आणि त्याच जागी तशीच बाई, असे डिझाइन करायला सांगू नका. डिझायनरने ‘त्यांच्यासारखं करतो’ म्हटले तर तेव्हाच अडवा.

अर्ज आणि छपाई

शोध स्वच्छ निघाला की अर्ज लांबवू नये, कारण तुमची जागा अर्जाच्या तारखेने ठरते. अर्ज `TM-A` या नमुन्यात ऑनलाइन होतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी शुल्क प्रत्येक वर्गाला 4500 रुपये आहे, इतरांसाठी 9000. ताईंनी वर्ग 29 आणि 30 असे दोन वर्ग घेतले, म्हणजे 9000 रुपये. नाव साध्या अक्षरांत नोंदवावे. सजवलेल्या लोगोचा अर्ज नंतर केला तरी चालतो. शोधात जवळचे, पण आडवे येईल की नाही हे नक्की न कळणारे एखादे नाव मिळाले असेल तर अर्जाआधी ट्रेडमार्क एजंट किंवा वकिलाला वही दाखवावी. हे काम स्वतःच्या अंदाजावर सोडण्याजोगे नाही.

अर्ज केल्यावर, किंबहुना त्याआधीही, नावापुढे ™ लावता येते. ® मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायला कायद्याने मनाई आहे. छापखान्यातला मुलगा ‘चांगलं दिसतं’ म्हणून तो स्वतःहून टाकतो, त्यामुळे प्रूफ तपासताना तो कोपरा आवर्जून पाहावा.

नवे अर्ज संकेतस्थळावर दिसायला थोडे दिवस जातात, म्हणून सिलिंडरला होकार देण्याच्या दिवशी तोच शोध पुन्हा एकदा घ्यावा. ताईंच्या बाबतीत आम्ही आणखी एक सावधगिरी घेतली. पहिले काही महिने साध्या पाउचवर स्टिकर लावून माल जाईल. आणि पाउचची जी मांडणी केली आहे तिच्यात ‘चूलवैल’ हे नाव एकाच काळ्या रंगात ठेवले आहे, कड नाही, सावली नाही. उद्या हरकत आलीच, तर बदलायला लागेल तो एक सिलिंडर.